दहा बाय दहाच्या खोलीत दीड दिवसाचा गणपती: सजावटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणारी, हॉस्टेलच्या खोलीत तिघं-चौघं मिळून राहणारी कितीतरी मुलंमुली गणपतीला घरी जाऊ शकत नाहीत. परीक्षा तोंडावर असते, रजा नसते किंवा गाडीचं आरक्षण मिळालेलं नसतं. मग खोलीतच दीड दिवसाचा गणपती बसवायचं ठरतं आणि प्रश्न सुरू होतात. ही उत्तरं साधारण दहा बाय दहाची खोली, तीन कॉट, एक टेबल, एकच प्लगपॉइंट आणि मूर्ती सोडून सजावटीला सहाशे रुपये एवढं धरून लिहिली आहेत. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला सोमवारी आहे. तयारीसाठी आधीचे शनिवार-रविवार मिळतात आणि या कामाला तेवढे पुरतात.

खोलीत गणपतीला जागाच नाही. बसवायचा कुठे?

जागा जमिनीवर शोधू नका. तीन कॉट असलेल्या खोलीत जमीन म्हणजे ये-जा करायची वाट असते. तिथे पाट मांडला की दीड दिवस सगळे अंग चोरून चालतात आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्याचा पाय लागायची भीती राहते. उंचावरची, तीन बाजूंनी झाकलेली आणि रोज वापरात नसलेली जागा हवी. बहुतेक खोल्यांत अशी एकच जागा असते: दोन भिंतींच्या कोपऱ्यातलं अभ्यासाचं टेबल. दीड दिवस पुस्तकं कॉटवर हलवायची आणि टेबल देवाला द्यायचं.

टेबलही मोकळं करता येत नसेल तर पत्र्याची पेटी घ्या. गावाहून आणलेली पेटी साधारण तीस इंच लांब आणि दीड फूट रुंद असते. एका कॉटच्या पायथ्याशी विटांवर किंवा दोन रिकाम्या क्रेटवर ठेवून वर धुतलेली चादर घातली की तिचा चौरंग होतो. आधी हाताने हलवून बघा. डगमगत असेल तर विटेखाली दुमडलेला पुठ्ठा सरकवा. पेटीत दीड दिवस लागणारं काही असेल तर ते आधीच काढून ठेवा, कारण एकदा प्रतिष्ठापना झाली की मूर्ती मधेच हलवत नाहीत.

आणखी एक गोष्ट बसवायच्या आधी बघून ठेवा. पंख्याचा थेट वारा तिथे येतो का? टेबलावर कागदाचा कपटा ठेवून पंखा सुरू करा. कपटा उडाला तर तिथे निरांजन टिकणार नाही आणि कागदाची सजावट रात्रभर फडफडत राहील.

सहाशे रुपये कशाकशावर वाटायचे?

वाटूच नका. छोट्या खोलीची सजावट बिघडते ती बहुतेक वेळा याच कारणाने. पताका छतभर लावायच्या, फुगे दारावर, माळ खिडकीला, थोडी चमकी भिंतीवर, असं केलं की पैसे सगळीकडे थोडे थोडे जातात आणि नजर कुठेच ठरत नाही. त्यात तीन कॉट, दोरीवरचे कपडे आणि पुस्तकांचे ढीग आधीच डोळ्यांसमोर असतात.

सगळा खर्च मूर्तीच्या मागच्या आणि आजूबाजूच्या अडीच फुटांत करा. खोलीत येणारा माणूस तिथेच बघणार आहे आणि आरतीचा फोटोही तेवढ्याच चौकटीत येणार आहे. बाकीच्या खोलीला सजावट लागत नाही, पसारा झाकणं लागतं, आणि ते फुकट होतं.

तिघांनी दोनशे-दोनशे काढले तर हिशेब साधारण असा बसतो. पुठ्ठा किराणा दुकानातून किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मागून आणायचा. खळीला दहा रुपयांचा मैदा. घोटीव कागदाचे चार ताव चाळीस रुपयांत येतात. कागदी टेप आणि गोंद सत्तर, टाचण्या, सेफ्टी पिना आणि सुतळी तीस. यूएसबीवर चालणारी दिव्यांची माळ एकशेवीसच्या आसपास. अर्धा किलो झेंडूला शंभर धरा, मूर्तीच्या छोट्या हाराला चाळीस, दुर्वा आणि पत्रीला चाळीस, आंब्याचा डहाळा आणि केळीचं पान वीस. कापूस, हळद-कुंकू आणि उदबत्तीला साठ. झाले पाचशे तीस. उरलेले सत्तर पहिल्या दिवशी मोडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ताजी फुलं लागतात आणि नेमके तेव्हाच खिसे रिकामे असतात.

भाव जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतात. फुलांचा भाव चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यात जास्त चढतो. कागद, पिना, टेप हे रविवार पेठेत बोहरी आळीला घाऊक दुकानांत घेतलं तर पेठेतल्या स्टेशनरीपेक्षा स्वस्त पडतं, पण चार तावांसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. चार-पाच खोल्यांनी मिळून एकदाच सामान आणलं तर फायदा होतो.

मखर विकत आणावं की करावं?

करावं, आणि घडीचं करावं. विकतचं मखर सहाशेत बसलं तरी विसर्जनानंतर ते ठेवायला खोलीत जागा नसते, म्हणून ते टाकून द्यावं लागतं. थर्मोकोलचं तर आणूच नका. राज्य सरकारच्या 2018 च्या प्लास्टिक आणि थर्मोकोलबंदीत सजावटीचं थर्मोकोलही येतं, आणि ते कुजत नाही हे वेगळंच.

घडीच्या मखराचं माप पेटीवरून किंवा टेबलावरून ठरतं. तीस इंच लांबीच्या जागेसाठी मधला भाग वीस इंच रुंद आणि दोन्ही बाजूंच्या पाख्या दहा-दहा इंच घ्या. उंची सव्वीस इंच. म्हणजे एकूण चाळीस बाय सव्वीसचा पुठ्ठा लागतो. टीव्हीचं किंवा कूलरचं खोकं उलगडलं तर तो सहज निघतो. पाख्या थोड्या बाहेर उघडल्या की मखराचं तोंड बरोबर तीस इंच होतं आणि ते आपोआप उभं राहतं, मागे टेकू लागत नाही. मिटताना दोन्ही पाख्या मधल्या भागावर येऊन एकमेकींना टेकतात आणि वीस बाय सव्वीसची एक पाटी उरते. ती कॉटवर गादीखाली जाते आणि पुढच्या वर्षी तिथूनच निघते.

पुठ्ठ्याच्या आत बारीक नळ्या असतात. त्या उभ्या यायला हव्यात. आडव्या आल्या तर मखर काही तासांत मधून वाकतं आणि घडीही वेडीवाकडी पडते. घडीच्या रेषेवर पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाब देत दोन-तीनदा रेघ ओढा आणि मग दुमडा. ब्लेड लावायची गरज नाही. ब्लेडने वरचा थर कापला गेला की ती घडी दुसऱ्याच वर्षी फाटते.

पुठ्ठ्यावर कागद चिकटवला की तो वाकतो. काय चुकतं?

एकाच बाजूला चिकटवलेला असतो. ओला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून मागच्या बाजूलाही त्याच वेळी, त्याच खळीने वर्तमानपत्राचा एक थर लावायचा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा सरळ राहतो.

खळीसाठी दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. मेसच्या मावशींना विचारून गॅस मिळाला तर एक वाटी पाणी घालून ती पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवा. गॅस नसेल तर कालवलेल्या मैद्यावर कडकडीत उकळतं पाणी थोडं थोडं ओतत भराभर ढवळा. शिजवलेल्या खळीइतकी घट्ट होत नाही, पण वर्तमानपत्राला पुरते. किटलीत मैदा टाकू नका, तळाला जळतो आणि किटली जाते. उरलेली खळ त्याच दिवशी टाकून द्या, नाहीतर तिला वास येतो आणि झुरळं जमतात.

या दिवसांत हवा इतकी दमट असते की एक थर वाळायला रात्र जाते. वरचा ओलावा गेला की पुठ्ठा दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून गादीखाली ठेवा आणि वर झोपा. सकाळी तो सपाट निघतो. घाई करून पंख्याखाली उभा ठेवला तर कडा आधी वाळतात आणि पुन्हा वाकतो. म्हणून हे काम शनिवारी उरकायचं, रविवारी रात्रीसाठी ठेवायचं नाही.

घोटीव कागदाला मात्र ही खळ लावू नका. तो सुरकुततो आणि गडद रंग बोटांना लागून उतरतो. त्याला फक्त कडेने गोंदाची कांडी किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा.

कागदकाम जमत नाही. दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि मला तोच जास्त आवडतो. पुठ्ठ्यावर कापड घाला. खोलीत कुणाकडे तरी एकरंगी सुती ओढणी, उपरणं किंवा आईने पांघरायला दिलेली जुनी साडी असते. तिला इस्त्री करून मखरावर ओढून घ्या, कडा मागे दुमडा आणि पिना मागच्या बाजूने लावा. पिना कमी पडल्या तर कपडे वाळत घालायचे चिमटे मागे लावले तरी दिसत नाहीत. घडीच्या दोन्ही रेषांवर कापड थोडं सैल सोडा, नाहीतर पाख्या उघडताना ताण येतो. काठपदराची साडी असेल तर काठ वरच्या कडेला घ्या, वेगळी झालर करावी लागत नाही.

यात काही वाळायचं नसतं, काही कापायचं नसतं आणि विसर्जनानंतर साडी जिची तिला परत जाते. फक्त साडी नायलॉनची किंवा जॉर्जेटची असेल तर वापरू नका. अशी कापडं ज्योतीजवळ पटकन वितळून पेटतात.

रंग कोणता घ्यावा?

छोटी मूर्ती असेल तर मागे एकच गडद रंग घ्या. बाटली हिरवा, वांगी, गडद निळा किंवा मरून यांपैकी कोणताही चालेल. सहा इंचांची शाडूची मूर्ती फिक्या रंगांची असते. मागे सोनेरी चमकी, चार रंगांच्या झिरमिळ्या आणि लुकलुकणारे दिवे आले तर ती दोन फुटांवरूनही दिसेनाशी होते. गडद कापडापुढे तिचे डोळे आणि सोंड स्पष्ट उठून येतात. पिवळा रंग कागदात आणू नका, तो झेंडू आणतो.

सुट्टी चमकी तर खोलीत आणूच नका. ती गादीत, उशीत आणि जेवणाच्या डब्यात महिनाभर सापडत राहते.

मूर्तीच्या मागे काहीतरी गोल, प्रभावळीसारखं हवं. स्वस्तात काय करता येईल?

कागदाची चक्री. घोटीव कागदाचा ताव साधारण वीस बाय तीस इंचांचा येतो. त्यातून तीस इंच लांब आणि सहा इंच रुंद अशा तीन पट्ट्या काढा. प्रत्येक पट्टीला अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या एकाआड एक घड्या घाला, पंखा करतो तशा. तिन्ही पट्ट्या टोकांना चिकटवून एक लांब पट्टी झाली की शेवटचं टोक पहिल्याला जोडा. आता ती कड्यासारखी उभी राहील. एका कडेच्या घड्यांतून सुईदोरा ओवून तो घट्ट ओढा आणि वरून हलकेच दाबून आडवी करा. बारा इंचांची चक्री होते. नवखे लोक एकाच पट्टीत चक्री करायला जातात, मग घड्या ताणल्या जाऊन कागद फाटतो. तीन पट्ट्या लागतातच.

ती पुन्हा उसळून उभी राहू पाहते. म्हणून मागे दोन-तीन इंचांचा गोल पुठ्ठा भरपूर गोंद लावून चिकटवा आणि गोंद वाळेपर्यंत वर जेवणाचा भरलेला डबा ठेवा. पुढच्या बाजूलाही मधोमध छोटा गोल लावा. मग ती मखराच्या मधल्या भागावर अशा उंचीवर लावा की चक्रीचा मध्य आणि मूर्तीचा चेहरा एका रेषेत येतील. मूर्तीखाली पुस्तकांचा तीन-चार इंचांचा थर कापडाने झाकून ठेवला तर ही उंची सहज जुळते. आधी मूर्तीच्या जागी तेवढ्याच उंचीची पाण्याची बाटली ठेवून बघायचं आणि मग चक्री चिकटवायची.

दुसऱ्या तावातून तीन इंची पट्ट्या काढल्या तर दोन-दोन पट्ट्यांच्या तीन छोट्या चक्र्या निघतात. त्या पाख्यांवर लावा. त्याहून जास्त नको.

भिंतीला खिळा चालत नाही आणि टेपने रंग निघतो. लटकवायचं कसं?

भिंतीला हातच लावू नका. भाड्याच्या खोल्यांना बहुतेक साधा डिस्टेंपर असतो. पावसाळ्यात भिंत ओल धरते, त्यामुळे टेप एक तर रात्री सुटून पडते, नाहीतर काढताना रंगाचा पापुद्रा घेऊनच येते. घरमालक काकू अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापतात ते अशाच पापुद्र्यांचे.

खोलीत बांधायला जागा भरपूर असतात: खिडकीचे गज, कपाटाची कडी, कॉटचा उशाकडचा लोखंडी कठडा, पडद्याचा दांडा. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी ताणून बांधली की तिच्यावर झेंडूची माळ, आंब्याची पानं, काहीही टांगता येतं. सुतळी डोक्याच्या वर यायला हवी आणि पंख्याच्या पात्यापासून हातभर तरी लांब. दारासाठी वरच्या बिजागरीत आणि समोरच्या कडीकोयंड्यात दोरा अडकवला तर तोरण खिळ्याशिवाय राहतं.

अगदीच चिकटवायचं असेल तर रंगारी वापरतात ती कागदी टेप घ्या, दाराच्या चौकटीला किंवा कपाटाला लावा, आणि काढताना सरळ न ओढता स्वतःवर दुमडून हळूहळू सोडवा.

दिव्यांची माळ कुठे आणि कशी लावायची? एकच प्लग आहे.

पाख्यांच्या आतल्या कडेला, बल्ब समोर न दिसता मागच्या कापडावर उजेड पडेल असे लावा. उघडे बल्ब डोळ्यांत जातात आणि मूर्ती काळी दिसते. लपवलेल्या दिव्यांनी मागचं कापड उजळतं आणि मूर्तीला दोन्ही बाजूंनी मऊ प्रकाश मिळतो. पिवळसर उजेडाची माळ घ्या आणि लुकलुकणारी असेल तर बटण दाबून स्थिर करा. त्याच खोलीत कुणी अभ्यास करत असेल तर लुकलुकणं त्याला फार छळतं.

एका प्लगच्या खोलीत यूएसबीची तांब्याच्या तारेची माळ सगळ्यात सोयीची. ती मोबाइलच्या चार्जरवर पाच व्होल्टवर चालते, तापत नाही आणि वीजबिलावरून घरमालकांशी वादही होत नाही. पॉवर बँकेवर लावणार असाल तर आधी घटकाभर लावून बघा. काही पॉवर बँका इतकी कमी वीज ओढली जात असेल तर मोबाइल चार्ज झाला असं समजून आपोआप बंद होतात. तसं झालं तर त्याच पॉवर बँकेला सोबत एक मोबाइल लावून ठेवला की ती सुरू राहते.

प्लगवर चालणारी जुनी माळ आणली तर ती लावण्याआधी पूर्ण उलगडून तार बघा. कुठे जोड उघडा असेल, तार चेपली असेल तर ती माळ वापरू नका. पाणी तापवायची कॉइल, इस्त्री किंवा इंडक्शन ज्या एक्स्टेंशन बोर्डवर असेल त्यावर माळ लावायची नाही. बोर्ड हाताला गरम लागला किंवा प्लास्टिकचा वास आला तर लगेच बंद करा.

निरांजन, समई, उदबत्ती लावायची की नाही?

हॉस्टेलच्या नियमात उघड्या ज्योतीला मनाई असेल तर लावू नका, बॅटरीची समई ठेवा. कागद, कापड, गाद्या आणि एकच दार असलेल्या खोलीसाठी तो नियम योग्यच आहे.

परवानगी असेल तर ज्योत मखराच्या आत ठेवायची नाही. मखरापासून दीड-दोन फूट पुढे, स्टीलच्या ताटात, ताटात थोडं पाणी घालून मधोमध निरांजन ठेवा. आरतीपुरतं लावायचं, तेव्हा पंखा बंद करायचा, आणि आरती झाली की कुणीतरी एकाने ते शांत होईपर्यंत तिथेच बसायचं. ते काम कुणाचं हे आधी ठरवा. आरतीनंतर सगळे मोदकांकडे वळतात आणि निरांजन मागे राहतं. बादलीभर पाणी खोलीतच भरून ठेवा. उदबत्तीचं घर खिडकीजवळ ठेवलं तर धूर बाहेर जातो. शेजारच्या कॉटवर कुणाला दमा असेल तर उदबत्ती आरतीपुरतीच लावा.

फुलं कमीत कमी पैशांत जास्त कशी दिसतील?

झेंडू एकाच ठिकाणी लावा. अर्धा किलो मध्यम झेंडूत साधारण पाच फुटांची माळ होते. ती मखराच्या वरच्या कडेला मधे थोडी झोळ देऊन सोडली की पुरते. तीच माळ दार, खिडकी आणि मखर यांत तोडून लावली तर तिन्ही ठिकाणी अपुरी दिसते. दाराला आंब्याची पानं लावा. सोसायटीच्या किंवा कॉलेजच्या आवारात आंबा, अशोक असेल तर माळीकाकांना विचारून पानं घ्या. न विचारता तोडू नका.

फुलं आदल्या दिवशी दुपारीच घ्या, संध्याकाळी भाव चढतो. पुण्यात मंडई आणि मार्केट यार्ड, मुंबईत दादरचा फूलबाजार, इथे सुटी फुलं हारापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. पावसात भिजलेला झेंडू वजनाला जड असतो आणि आतून लवकर काळा पडतो. फूल उलटं करून देठाकडून दाबून बघा. बोटाला चिकट लागलं तर सोडून द्या. खोलीवर आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच बाहेर काढा, वर्तमानपत्रावर पसरा, ओलावा गेला की माळ ओवा आणि रात्री ओल्या पंचात सैल गुंडाळून खिडकीशी ठेवा. फ्रीज असेल तरी झेंडूला त्याची गरज नाही.

मूर्तीसाठी कापसाची वस्त्रं स्वतः करा. कापसाची चपटी फुलं ओढून, बोटाला किंचित पाणी लावून मधला धागा वळायचा आणि प्रत्येक फुलाला कुंकवाचं बोट लावायचं. घरी आजी करते तीच पद्धत. व्हिडिओ कॉलवर तिलाच विचारा, ती एका बैठकीत शिकवेल.

रांगोळीला जमीनच नाही.

पाटावर किंवा जाड काळ्या कागदावर काढा आणि टेबलाखाली, मखराच्या बरोबर खाली ठेवा. तिथे पाय पडत नाही. दारात काढायची असेल तर पूर्ण गोल काढू नका. दार उघडतं त्याच्या विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यात पाव गोल काढा, भिंतीला लागून. पंखा सुरू राहणार असेल तर रांगोळीऐवजी पसरट ताटात पाणी घालून पाकळ्या सोडा.

खोलीतला पसारा कसा झाकायचा?

दोरीवरचे कपडे दीड दिवसासाठी पूर्ण काढा. हे एकच केलं तरी खोली बदलते. रॅक आणि उघडं कपाट यांवर एकाच रंगाच्या चादरी पिनांनी सोडा. तिन्ही कॉटवर शक्यतो फिक्या, एकरंगी चादरी घाला. चप्पल आणि बुटांची जागा दाराबाहेर. बॅगा कॉटखाली भिंतीच्या बाजूला ढकला आणि पुढे चादरीचा काठ खाली येऊ द्या. या कामाला एक पैसा लागत नाही आणि मखराच्या आधी हेच करायचं, कारण पसारा हलल्यावरच खरी जागा किती आहे ते कळतं.

रेक्टर मूर्ती बसवू देत नाहीत. मग?

सुपारीचा गणपती मांडा. पूजेत सुपारी गणपती म्हणून पूर्वापार मांडतात. ताम्हणात किंवा वाटीत मूठभर तांदूळ, त्यावर सुपारी, दोन दुर्वा, एक जास्वंद. पुस्तकांच्या कप्प्यातही तो मावतो, आणि मागे गडद ओढणीचा तळहाताएवढा तुकडा लावला की सजावट झाली. परवानगीचा प्रश्न बहुतेक ठिकाणी गर्दी, आवाज आणि आग यांचा असतो. या तिन्हींची काळजी कशी घेणार ते रेक्टरांना आधीच सांगून विचारा, बसवून झाल्यावर नको.

एका रूममेटला हे नको आहे.

मग त्याच्या कॉटला, टेबलाला आणि झोपेच्या वेळेला सजावट लागता कामा नये. आरती किती वाजता, किती लोक येणार, दिवे रात्री किती वाजता बंद, हे तिघांनी बसून ठरवा. त्याच्याकडून वर्गणी मागू नका. त्याला पटत नसेल तर गणपती दुसऱ्या खोलीत बसवा आणि तुम्ही तिकडे जा.

विसर्जनानंतर काय काय, कुठे टाकायचं?

रंग न लावलेली किंवा नैसर्गिक रंगांची शाडूची छोटी मूर्ती बादलीत रात्रभरात विरघळते. ते पाणी मोरीत ओतू नका. शाडू तळाशी बसून नळी तुंबते आणि मग सगळ्या मजल्याचं पाणी अडतं. बादली दोन दिवस तशीच ठेवा, वरचं नितळ पाणी झाडांना घाला आणि खालची माती कुंडीत मिसळा. बादली सगळ्यांच्या वापराची असेल तर त्याऐवजी महापालिकेच्या विसर्जन हौदावर जा.

फुलं आणि पानं निर्माल्य कलशात टाका, पण आधी त्यातला दोरा, पिना आणि प्लास्टिक काढून घ्या. मखरावरची ओढणी सोडवून धुवा. तिच्यावर कुंकवाचे डाग असतील तर ती गरम पाण्यात घालू नका, आधी गार पाण्यात भिजवा. पुठ्ठा मिटून गादीखाली, चक्र्या वर्तमानपत्रात सपाट दाबून पेटीत. दिव्यांची माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवा. मुठीत गुंडाळली तर तांब्याची तार पीळ पडून तुटते, आणि दिवाळीच्या कंदिलाला हीच माळ लागणार आहे.